बाई घरी ठेवू की मुलाला पाळणाघरात?

प्रिय ताई,
माझा मुलगा पंधरा महिन्यांचा आहे. आम्ही वारज्यात राहतो. माझी नोकरी बाणेरला, नवऱ्याची हिंजवडीत. १ जूनला मला कामावर परत हजर व्हायचंय. वेळ साडेनऊ ते साडेसहा. सासूबाई साताऱ्याला असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे लहान मुलामागे धावणं त्यांना जमणार नाही. नवरा म्हणतो, मूल घरच्या घरी राहू दे, पूर्णवेळ बाई ठेवू. एका एजन्सीने बारा तासांची बाई २०,००० रुपये पगारावर सुचवली आहे, घरकामही करेल म्हणतात. एका महिन्याचा पगार कमिशन म्हणून रविवारपर्यंत आगाऊ मागतायत. घरापासून सात-आठ मिनिटं चालत गेलं की एक पाळणाघर आहे. महिना १२,०००, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. मला ते बरं वाटतं, पण शेजारच्या काकू म्हणतात, तिथे मुलं सारखी आजारी पडतात. चार वर्षांपासून आमच्याकडे पोळ्या-भाजीला एक मावशी येतात, मुलगा त्यांच्याकडे हसत जातो. काय करू?
– एक आई, पुणे

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माणसं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत, त्या म्हणजे पोळ्यांच्या मावशी. त्यांच्याकडे येतेच. आधी माझं मत सांगून टाकते. मुलाला पाळणाघरात घाला, आणि संध्याकाळच्या दोन तासांसाठी मावशींना विचारा.

कारण असं. पंधरा महिन्यांचं मूल दिवसभरात काय झालं ते सांगू शकत नाही. एजन्सीकडून येणारी बाई तुम्हाला अनोळखी, मुलालाही अनोळखी, आणि साडेआठ ते सव्वासात घरात तिसरं माणूस नाही. ती बाई वाईट असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक बायका चांगल्याच असतात. पण चालायला लागलेल्या मुलामागे दहा-अकरा तास एकटीने राहणं हे सख्ख्या आईलाही थकवतं, आणि दुपारी तीन वाजता थकलेल्या माणसाच्या हातून मूल घ्यायला दुसरं कुणी नसतं. पाळणाघरात मावशी थकली, चिडली, तिला ताप आला, तर शेजारी दुसरी मावशी असते. शिवाय दुसरीच्या देखत वागणं आपोआप ताळ्यावर राहतं.

म्हणूनच सासूबाई पुण्यात तुमच्याकडे असत्या तर माझं उत्तर उलट आलं असतं. त्यांना धावायची गरजच नव्हती. खुर्चीत बसून भाजी निवडणारी आजी घरात असली की बाई ठेवण्याचा बेत एकदम भक्कम होतो. ऑपरेशनमधून सावरल्यावर वर्षभर राहायला यायची त्यांची मनापासून तयारी असेल तर हा प्रश्न पुन्हा उघडा. त्यासाठी त्यांना ओढून मात्र आणू नका.

‘घरकामही करेल’ हे एजन्सीचं वाक्य नवऱ्याला फायद्याचं वाटलं असणार. मला त्याचीच धास्ती वाटते. फरशी पुसताना, भांडी घासताना मूल कुठे असतं? एकतर टीव्ही किंवा मोबाइलसमोर, नाहीतर पायात. या वयाची मुलं बादलीच्या काठाला धरून उभी राहतात, डोकं जड असल्यामुळे आत तोल जातो आणि मागे येता येत नाही. त्यासाठी बादली भरलेली असावी लागत नाही, तळाशी दोन-तीन इंच पाणीही पुरतं. मूल सांभाळणारीने तेवढंच करावं. त्याची खिचडी, त्याचे कपडे, त्याचा पसारा, बस.

आता पैशांचं. तुमचेच आकडे घेऊ. बाईचा पगार वर्षाचा २,४०,०००. त्यात एजन्सीचं कमिशन २०,००० आणि दिवाळीचा एक पगार २०,०००. चहा-जेवण महिन्याला २,००० धरलं तर २४,०००. झाले ३,०४,०००. पाळणाघर वर्षाचं १,४४,०००. प्रवेश शुल्क आणि सटरफटर मिळून १०,००० धरा. संध्याकाळच्या दोन तासांसाठी मावशींना महिना ६,००० दिले तर ७२,००० आणि त्यांचा दिवाळीचा पगार ६,०००. एकूण २,३२,०००. म्हणजे पाळणाघर आणि मावशी मिळूनही ७२,००० रुपये मागे राहतात. हे वाचलेले पैसे समजू नका. पहिल्या वर्षी तुम्हा दोघांना ज्या बिनपगारी रजा पडतील आणि डॉक्टरांच्या ज्या फेऱ्या होतील, त्यांच्यासाठी ते वेगळे काढून ठेवा.

कारण शेजारच्या काकू खोटं बोलत नाहीत. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात मुलं जास्त आजारी पडतात. आठ-दहा सर्दी-खोकले, एखाद-दोन जुलाब, कधी हाता-पायांवर नि तोंडात फोड आणणारा तो ‘हँड फूट माउथ’. घरीच वाढलेल्या मुलाला हेच सगळं बालवाडीत गेल्यावर होतं, म्हणून पुढे ढकलण्यात फार काही मिळवलं असंही नाही. तुमचा मुहूर्त मात्र जूनचा आहे, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. मे महिन्यातच मुलांच्या डॉक्टरांकडे लसींचं कार्ड घेऊन जा. गोवर-गालगुंड-रुबेलाचा पंधराव्या महिन्यातला डोस आणि कांजिण्यांची लस झाली का, फ्लूची यंदाची लस द्यायची का, हे विचारून घ्या. मुलाला जन्मतः काही त्रास असेल, धाप लागत असेल, वजन मागे असेल, तर डॉक्टरांना ‘पाळणाघरात घालू का’ असं सरळ विचारा. ते नको म्हणाले तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

ताप असलेल्या मुलाला चांगलं पाळणाघर घेत नाही. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही की मगच परत पाठवा, असा नियम चांगल्या ठिकाणी असतो. ‘आमच्याकडे तापातही चालतं, पॅरासिटामॉल देऊन पाठवा’ असं कुणी म्हणालं तर ते तुमच्या सोयीचं वाटेल, पण तिथून निघा. कारण दुसऱ्यांची तापातली मुलंही तिथेच असणार. या नियमाचा अर्थ असा की अधूनमधून सकाळी सात वाजता मूल कढत लागणार आणि दोघांपैकी एकाला घरी राहावं लागणार. ‘आज माझी मीटिंग आहे’ हे भांडण त्या क्षणी करायचं नाही. ते आत्ताच, एप्रिलमध्ये मिटवा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने सरळ तारखा वाटल्यात. सम तारखेला आजारपण आलं तर ती रजा घेते, विषम तारखेला तो. एकतीस तारखेनंतर लगेच एक येते म्हणून त्याच्यावर दोन दिवस सलग येतात, आणि त्याबद्दल तो कुरकुर करतो. करू दे.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका. अकरा ही दाखवायची वेळ असते. मुलं आंघोळ-पावडर करून चटईवर बसलेली, भिंतीवर ससे. साडेबाराला जा, जेवणाच्या वेळी. आणि पुन्हा एकदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मुलं झोपून उठलेली, किरकिरी असतात तेव्हा. आधी फोन करून एकदा, न सांगता एकदा. ‘पालकांना आत सोडत नाही, कॅमेऱ्यात बघा’ असं सांगणाऱ्या ठिकाणी पुढे काही बघायची गरज नाही.

साडेबाराला काय बघायचं? मुलं किती आणि हात किती ते मोजा. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी एका मावशीमागे तीन, फार तर चार मुलं असावीत असं माझं माप आहे. सरकारी मार्गदर्शक सूचना याहून सैल आहेत, त्यामुळे ‘आम्ही नियमात आहोत’ या उत्तराने समाधान मानू नका. मग एखादं मूल जेवत नसेल त्याच्याकडे बघत उभ्या राहा. मावशी दोन घास थांबतात, पाणी देतात, पुन्हा विचारतात, की नाक दाबून चमचा सारतात? एका ताटातून एकाच चमच्याने तिघांना भरवलं जातंय का? लंगोट बदलला की मावशी हात धुतात का, की ओल्या कपड्याला पुसून सरळ पुढच्या मुलाकडे वळतात? या एका गोष्टीवरून जुलाबाचं गणित निम्मं कळतं. खाऊच्या डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, न कापलेली द्राक्षं दिसली तर विचारा. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकणाऱ्या या नेहमीच्या वस्तू, आणि जाणत्या पाळणाघरचालकाला हे तुम्ही सांगावं लागत नाही.

पाचला गेलात की वेगळं चित्र दिसेल. दुपारनंतर शाळेतली मोठी मुलं येतात. सहा-सात वर्षांची मुलं आणि तुमचा डुगडुगत चालणारा एकाच खोलीत असतील तर रोज एक टेंगूळ ठरलेलं. लहानग्यांची खोली वेगळी आहे का ते बघा. टीव्ही चालू आहे का? दोन वर्षांखाली पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाचला लावलेला टीव्ही म्हणजे मावशी कमी पडतायत असं समजा. दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का, जिन्याला फाटक आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

विचारण्यासारखे प्रश्न दोनच. ‘तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत?’ दर तीन महिन्यांनी मावशी बदलत असतील तर पगार नीट मिळत नाही किंवा काम झेपत नाही, आणि दोन्हीचा त्रास शेवटी मुलाला. दुसरा प्रश्न, ‘मागच्या वर्षात कुठल्या मुलाला लागलं होतं आणि तुम्ही काय केलं?’ ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एकाचा ओठ फुटला, इथल्या दवाखान्यात नेलं, आईला दहा मिनिटांत फोन केला’ असं सांगणाऱ्या बाईंवर माझा विश्वास बसतो.

एक गोष्ट तुमच्या ऑफिसातही विचारा. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. बऱ्याच कंपन्या स्वतः पाळणाघर न चालवता जवळच्या एखाद्या केंद्राशी करार करतात किंवा शुल्काचा वाटा उचलतात. एचआरला ईमेलने विचारा, तोंडी नको. मात्र बाणेरचं केंद्र मिळालं तरी मी घराजवळचंच निवडेन. चांदणी चौकातून रोज दोन वेळा मुलाला गाडीत घेऊन जाणं, आणि तुम्ही तापाने घरी झोपलेल्या असाल त्या दिवशी त्याला बाणेरला पोहोचवायचं कुणी? कंपनी घराजवळच्या पाळणाघराचं शुल्क भरून देत असेल तर उत्तम.

आता मावशी. तुमचं ऑफिस साडेसहाला सुटतं, म्हणजे घरी सव्वासात. पाळणाघर सातला बंद. नवऱ्याचा हिंजवडीचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ही पंधरा मिनिटं रोज तुमच्या पोटात गोळा आणतील, आणि उशिराचं जादा शुल्क वेगळं. त्याहून महत्त्वाचं, साडेआठ ते सात म्हणजे साडेदहा तास. एवढ्या लहान मुलाला गोंगाटात इतका वेळ जास्त होतो. मावशींनी साडेपाचला त्याला घेऊन घरी आणलं, हात-पाय धुऊन दूध-भात दिला, आणि तुम्ही येईपर्यंत थांबल्या, तर पाळणाघर नऊ तासांवर येतं आणि तुम्ही दारात शिराल तेव्हा मूल घरात, ओळखीच्या माणसाजवळ असेल. नवऱ्याला आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम असेल तर त्या दिवशी साडेचारलाच आणता येईल.

मावशींना गृहीत मात्र धरू नका. त्यांच्या संध्याकाळच्या घरांचं काय, त्यांना परत जायला किती वाजतील, हे आधी विचारा. त्यांना एखादं काम सोडावं लागत असेल तर ते पैसे भरून द्या. ‘अधूनमधून बघाल ना’ अशा गोड बोलीवर ठेवू नका. पगार वेगळा, आठवड्याची सुट्टी आणि रजा ठरलेली, आणि त्या दोन तासांत स्वयंपाक नाही. पोळ्या सकाळीच होऊ देत. मुलाला कोण नेणार याची नावं आणि फोटो पाळणाघरात लिहून द्यायचे असतात, त्यात मावशींचं नाव घाला. त्या नाही म्हणाल्या तर सोसायटीत विचारा. पाळणाघरातल्याच एखाद्या मावशी सुटल्यावर पोहोचवायला तयार होतात, असंही पुष्कळदा जमतं.

सुरुवात १ जूनला करू नका. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून करा. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही तिथे तासभर बसा. मग अर्धा तास बाहेर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, मग पूर्ण दिवस. निघताना ‘आई संध्याकाळी येते’ असं सांगून निघा, तो खेळात असताना गुपचूप सटकू नका. सटकलात तर दुसऱ्या दिवसापासून तो खेळणंच सोडून तुमचा पदर धरून बसेल. दारात रडणं या वयात होणारच, आई नजरेआड झाल्याची भीती नेमकी याच सुमाराला जास्त असते. मावशींना विचारायचं ते ‘रडला का’ असं नाही, ‘किती वेळ रडला आणि कशाने थांबला’ असं. पाच-दहा मिनिटांत शांत होऊन खेळत असेल तर ठीक चाललंय.

तीन-चार आठवड्यांनंतरही दिवसभर हुंदके, जेवण बंद, वजन उतरलेलं, किंवा एका ठरावीक माणसाला बघून अंग चोरणं, असं दिसलं तर थांबा आणि शोध घ्या. मूल रोज संध्याकाळी सुस्त, पेंगलेलं हातात येत असेल तर सर्दीचं किंवा खोकल्याचं औषध झोपेसाठी पाजलं जात नाही ना, हा प्रश्न डॉक्टरांसमोर मांडा. हे बाईच्या बाबतीतही होतं, पाळणाघराच्याही. म्हणून कुठलंही औषध तुम्ही लिहून दिल्याशिवाय द्यायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

इतकं होऊनही नवरा बाईवरच अडून बसला, तर त्यालाही वाट आहे, पण एजन्सीच्या अटींवर नाही. कामावर जायच्या किमान तीन आठवडे आधी बाई आणा, म्हणजे तुम्ही घरात असताना तिचं आणि मुलाचं जमेल. आधीच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा. एजन्सीने जोडून दिलेला फोन नको. विचारा, बाईंनी काम का सोडलं, आणि पुन्हा गरज पडली तर तुम्ही त्यांनाच बोलवाल का. पोलिसांकडची पडताळणी करून घ्या, पण तिचा अर्थ एवढाच की तिच्यावर गुन्हा नोंदलेला नाही. मूल सांभाळता येतं असा नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरगी दाखवली तर परत पाठवा. चौदाच्या आतली तर कायद्याने गुन्हाच. कॅमेरा लावायचा तर तिला सांगून, आणि ती कपडे बदलते किंवा विश्रांती घेते तिथे नाही. तिची वही ठेवा. किती वाजता जेवला, किती झोपला, किती लंगोट. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी नवऱ्याने दुपारी दोनला न सांगता घरी यावं. हा बेत त्याचा आहे, तर हिंजवडीहून येण्याचा त्रासही त्याचाच.

एजन्सीला रविवारपर्यंत काही देऊ नका. ‘बाई सोडून गेली तर तीन वेळा बदलून देऊ’ असं त्यांच्या कागदात असेल. तुमच्या मुलासाठी त्याचा अर्थ वर्षात चार नवे चेहरे. घाईने आगाऊ मागणाऱ्याला ‘पाळणाघर ठरतंय, नाही जमलं तर कळवते’ एवढंच सांगा. त्या बाईला त्या दिवशी दुसरं घर मिळालं तर चांगलंच झालं. आणि या आठवड्यातच एकदा साडेबाराला पाळणाघरात जाऊन या. काय दिसलं ते कळवा.